ड्युओ प्लॅनचे पैसे: दर महिन्याला की सेमिस्टरचे एकदम?

ऐक बे, गाण्यांच्या ड्युओ प्लॅनचं आजच ठरवून टाकू. खाती दोघांची वेगळी, पण पैसे कटतात माझ्याच खात्यातून. हिशोबाला महिन्याचे १८० धर, म्हणजे तुझे ९०.

दर महिन्याला द्यायचे तर तुला सोपं, एकदम खिसा रिकामा होत नाही. पण मागच्या वेळी तू तर्री पोह्यांचे ४० त्यातून वळते केलेस, मी चहाचे २० जोडले, आणि शेवटी कोण कोणाचं देणं लागतो तेच कळेना. शिवाय मागायचं मलाच.

सेमिस्टरच्या सुरुवातीला पाच महिन्यांचे ४५० एकदम दिलेस तर ही कटकट नाही. तीन महिन्यांनी रूम सोडलीस तर उरलेल्या दोनचे १८० मी परत देणार. भाव वाढला तर फरक अर्धा-अर्धा.

मला सेमिस्टरचे एकदम हेच बरं वाटतं. अडचण फक्त सेमिस्टर संपल्यावरच्या मे महिन्याची. उन्हाळ्यात घरी गेलो म्हणून पैसे कटायचे थांबत नाहीत. ऑटोपेचा मेसेज निदान २४ तास आधी येतो. पैसे कटायच्या आत 'बंद कर' म्हटलंस तर दोघांचा प्लॅन बंद, नाहीतर तुझे ९० पक्के. पोह्यांचा हिशोब वेगळा.