शाळेच्या कंपाउंडवर कोणतं चित्र? तीन कच्च्या आराखड्यांची तुलना

खानापूर तालुक्यातल्या मुख्य रस्त्याला लागून असलेली एक सरकारी मराठी शाळा. रस्त्याच्या बाजूची भिंत ६० फूट लांब, ५ फूट उंच, जांभ्याची, वरून गिलावा. माजी विद्यार्थ्यांनी भिंत रंगवायचं ठरवलंय आणि एसडीएमसीपुढे, म्हणजे शाळेच्या विकास आणि देखरेख समितीपुढे, तीन आराखडे आलेत. पहिला इतिहासाचा: बेळगावचा भुईकोट, राजहंसगड, शिवराय, राणी चन्नम्मा आणि १८३१ साली नंदगडला फाशी गेलेले संगोळ्ळी रायण्णा. दुसरा मलप्रभेचा: कणकुंबीला उगम, मग भीमगडचं जंगल, पुढे शेतं, शेवटी कूडलसंगमाला कृष्णेत मिळणारी नदी. तिसरा वारली: गेरूवर पांढऱ्या रेषांत पेरणी, मळणी, लग्नाची वरात.

कागदावर तिन्ही छान दिसतात, आणि घोळ तिथेच होतो. टेबलावर ठेवलेला कागद आपण समोरून बघतो. रस्त्यावरून येणाऱ्याला मात्र ही भिंत समोरून जवळपास दिसतच नाही, ती तिरकीच दिसते. समजा गाडी भिंतीच्या सुरुवातीपासून १०० फुटांवर आहे आणि गाडीची रेघ भिंतीपासून २० फूट बाजूला आहे. तिथून ही ६० फुटी भिंत उंचीच्या जेमतेम दीडपट लांब दिसते. तीन फूट रुंदीचा चेहरा सात इंचांवर येतो, उंची मात्र तेवढीच राहते. म्हणजे शिवरायांचा चेहरा लांबून उभ्या फळीसारखा दिसणार. गाडी समोर येईल तेव्हा तो नीट दिसेल, पण ताशी ४० च्या वेगात अख्खी भिंत पावणेदोन सेकंदांच्या आत मागे पडते. शाळेआधी स्पीडब्रेकर असेल आणि गाडी १५ वर आली तर चार-साडेचार सेकंद मिळतात.

हे घरीच तपासता येतं. आराखड्याची पट्टी टेबलाच्या कडेला उभी धरा, एक डोळा मिटा आणि कडेने लांबवर नजर टाका. मग त्याच पट्टीचा मोबाईलवर फोटो काढून तो काळा-पांढरा करा, अंगठ्याएवढा करा आणि हात लांब करून बघा. या दोन्हीत जे टिकेल तेच रस्त्यावर दिसेल.

इतिहासाचा आराखडा पहिल्याच परीक्षेत अडखळतो. तीन उभ्या आकृत्या तिरक्या नजरेत एकमेकींना चिकटतात. भुईकोटाचा तट आडवा असल्यामुळे तेवढा उठून दिसतो. वारलीचं दुखणं वेगळं. रचना आडवी आहे, गेरू-पांढऱ्याचा विरोधही भरपूर आहे, पण रेघा अर्ध्या इंचाच्या. समोरच्या स्टॉपवर लाल बसची वाट बघणाऱ्याला वरात मोजता येईल, पण दुचाकीवरून जाणाऱ्याला फक्त तांबडी भिंत दिसेल. रेघा तीन इंच जाड करा म्हणाल तर माणसं दोन फुटांची करावी लागतील, आणि मग वारलीची ती दाटी, ती लय राहणार नाही.

मलप्रभा इथे सरळ पुढे जाते. दीड फुटी निळा पट्टा भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. तिरका बघितला तरी तो पट्टाच राहतो. मध्ये पंख पसरलेला धनेश आठ फूट लांब काढला तर काळा-पांढरा-पिवळा लांबूनच ओळखू येतो. मूळ आराखड्यात बारा प्राणी आहेत, ते चारावर आणा. धनेश, शेकरू, बिबट्या आणि नीलपंख पुरेत. (शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी, नीलपंख कर्नाटकचा राज्यपक्षी, सीमाभागातल्या भिंतीवर दोघं एकाच फांदीवर बसले तर कुणाची हरकत नसावी.) फक्त नीलपंख नदीच्या निळ्यावर नको, हिरव्या किंवा पिवळसर पट्ट्यावर घ्या, नाहीतर तो बुडेल.

विषयाचं बोलायचं तर गावाचा जीव इतिहासात आहे, हे मान्यच. पण मीटिंगमध्ये चित्रापेक्षा क्रमच गाजेल: आधी कोण, मध्ये कोण, कुणाचा फेटा मोठा. शिवाय रस्त्याकडच्या भिंतीच्या खालच्या दीड फुटावर पावसाळाभर तांबड्या चिखलाचे शिंतोडे उडतात, कुणी टेकून गाडी लावतं, कुणी पान थुंकतं. तिथे महापुरुष काढायचे आणि वर्षभर राखण करायची, हे एसडीएमसीला झेपणारं नाही. बिबट्याच्या पायावर चिखल उडाला तर तो जंगलातलाच वाटतो. वारलीबद्दल माझं मत जरा कडू आहे: सोपी म्हणून ती कुठल्याही भिंतीवर येते, आणि आपल्या भागाशी तिचं विशेष नातं नाही.

आता काम करणाऱ्यांचा हिशेब. रविवारी येणारी पंधरा-वीस माणसं, त्यात ब्रश धरता येणारे दोघं-तिघं. वारलीला हे पथक चालतं. त्रिकोण, गोल, काड्या कुणालाही जमतात. इतिहासात तिन्ही चेहरे त्या दोघांवरच येतात, बाकीचे चहा पीत बसतात, आणि डोळा थोडा तिरका गेला तरी लोकांची मनं दुखावतात.

मलप्रभेला मधला मार्ग आहे. आराखडा एक इंचाला एक फूट या प्रमाणात काढा. भिंतीवर निळीची दोरी ताणून मारत एक-एक फुटाचे चौकोन पाडा, आणि कागदावरच्या चौकोनात जे आहे ते भिंतीवरच्या चौकोनात उतरवा. मग प्रत्येक भागात खडूने रंगाचा आकडा लिहा: १ निळा, २ गडद हिरवा, ३ पिवळा. सपाट भाग तीन इंची ब्रशने पोरंसुद्धा भरतील, कडा आणि डोळे शेवटी ते दोघं काढतील.

रंगात एकच गोष्ट हमखास बिघडते. नदीचा निळा वाटीवाटीने कालवला की दुपारच्या वाटीचा रंग सकाळच्याशी जुळत नाही आणि नदीला ठिगळं पडतात. ९० चौरस फुटांच्या पट्ट्याला दोन हातांसाठी साधारण दोन लिटर एक्स्टिरियर इमल्शन लागतं. ते एकाच बादलीत एकदम ढवळून ठेवा. गडद निळा आणि गडद हिरवा तयारच घ्या, कारण पांढऱ्यात स्टेनरच्या बाटल्या ओतून गडद रंग येत नाही, रंग पातळ आणि कच्चा होतो.

त्याआधी भिंत बघायला हवी. गिलाव्यावर पांढरी भुकटी दिसत असेल आणि बोट लावल्यावर ती हाताला येत असेल तर तो लोणा. तो सुक्या ब्रशने झाडायचा, पाणी कुठून येतं ते बंद करायचं आणि भिंत वाळल्यावरच प्राइमर मारायचा. नाहीतर कुठलाही आराखडा निवडा, पापुद्रे सुटणारच. मुहूर्त दिवाळीनंतरचा धरा. एप्रिल-मेच्या सुट्टीत माणसं मिळतात, पण दुपारचा वळीव ओला रंग धुऊन नेतो.

तेव्हा माझं मत मलप्रभेला. मात्र खालचा दीड फूट चित्रात धरू नका, तिथे गडद तांबडा पट्टा मारा. चिखल त्यात मुरून जाईल आणि पुढच्या वर्षी एका दुपारी तो परत मारता येईल. वारली फेटाळायचीच असंही नाही. गेटकडे वळणाऱ्या गल्लीत शाळेचीच भिंत आहे, तिथे पोरं रोज चालत, रेंगाळत जातात. अर्ध्या इंचाच्या रेघा हाताच्या अंतरावरून बघायच्याच असतात, आणि तो भाग मोठ्यांना हात न लावू देता पाचवी ते सातवीच्या वर्गांकडे सोपवता येईल.