जपानी कुरिअरवाल्याशी फोनवर हिंदीतून: गॅलेक्सीचं ‘लाइव्ह ट्रान्सलेट’, सात महिन्यांनंतर

जपानात घर बंद असताना पार्सल आलं, तर डिलिव्हरीवाला दारात ‘फुझाइह्यो’ नावाची चिठ्ठी टाकून जातो. चिठ्ठीवर बहुधा त्याचा मोबाइल नंबर असतो, आणि तो जपानीच बोलतो. त्याच्याशी बोलायला सॅमसंग गॅलेक्सी फोनमधलं, कॉल चालू असतानाच दोन्हीकडचं बोलणं भाषांतरित करणारं `Live translate` पुरेसं आहे. पण त्याच्या यादीत मराठी नाही, म्हणून आपली भाषा हिंदी किंवा इंग्रजी ठेवावी लागते. खरी गोम इथेच आहे.

मराठीत ‘काल’ आणि ‘उद्या’ वेगळे. हिंदीत दोन्हीला ‘कल’, आणि ‘परसों’चंही तसंच. ‘कल शाम को पार्सल’ एवढंच म्हटलं, तर पार्सल काल आलं की उद्या हवंय, हे यंत्र अंदाजानेच ठरवतं. त्यामुळे तारीख आणि वार दोन्ही सांगा: ‘11 अप्रैल, शनिवार, शाम 7 बजे के बाद पार्सल दीजिए।’ वार हवाच, कारण जपानीत 4 तारीख ‘योक्का’ आणि 8 तारीख ‘योओका’. फोनवर दोन्ही जवळजवळ सारख्याच ऐकू येतात. ‘ढाई बजे’ऐवजी ‘दो बजकर तीस मिनट’ म्हणा. इंग्रजी बरं येत असेल तर तेच निवडा, ‘कल’चा घोळच उरत नाही.

आधी दोन्ही भाषांचे पॅक उतरवून ठेवा. कॉल लागल्यावर `Call assist` आणि मग `Live translate` दाबा. सुरू होताच समोरच्याला भाषांतराची सूचना यंत्राच्या आवाजात ऐकू जाते, आणि जाहिरातीचा कॉल समजून काहीजण तिथेच फोन ठेवतात. म्हणून बटण दाबण्याआधी स्वतःच म्हणा: ‘मोशिमोशि, होन्याकु ओ त्सुकाइमासु’, म्हणजे ‘भाषांतर वापरतोय’. याने फार फरक पडतो.

सेटिंगमध्ये आपला मूळ आवाज बंद ठेवा. नाहीतर समोरचा आधी हिंदी ऐकतो, गोंधळतो आणि भाषांतर चालू असतानाच बोलू लागतो. त्याचा मूळ आवाज मात्र चालू राहू द्या. जपानी ‘इचि’ (1), ‘शिचि’ (7) आणि ‘हाचि’ (8) फोनवर एकमेकांत मिसळतात, म्हणून तिथले लोक 7 ला बहुधा ‘नाना’ म्हणतात. ते थेट कानाला कळतं.

स्पीकर लावून पडद्यावरचा मजकूर वाचत राहा. आपलं हिंदी वाक्यच तिथे चुकीचं उमटलं असेल, तर पुढचं जपानीही चुकणार. एका वेळी एकच वाक्य बोला आणि त्याचं भाषांतर संपेपर्यंत थांबा. जपानीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ‘आणतो’ की ‘आणत नाही’ हे वाक्य पूर्ण झाल्याशिवाय ठरत नाही. समोरच्याचं बोलणं मध्ये तोडू नका.

चिठ्ठीवरचा पार्सलचा 12 आकडी क्रमांक चार-चारच्या तीन गटांत सांगा, प्रत्येक गटानंतर थांबून.

मराठीतूनच बोलायचं असेल तर दुसरा फोन लागतो: एकावर कॉल स्पीकरवर, दुसऱ्यावर गूगल ट्रान्सलेटचं संभाषण. एकाच फोनवर हे जमत नाही. कॉल चालू असताना अँड्रॉइड दुसऱ्या अ‍ॅपच्या माइकमध्ये शांतताच पाठवतं.