गुणपत्रिकेचा अरबी अनुवाद: एजंटने पैसे घेतले आणि माझे गुण उलटे केले

सौदीतल्या नोकरीसाठी डिप्लोमाच्या गुणपत्रिकेचा अरबी अनुवाद हवा होता. एजंटने मोबाइलवर फोटो घेतला, 'तक्ता अरबी पद्धतीने उजवीकडून, जोडलेल्या रकान्यांसह' असं सांगून वेगळे पैसे लावले आणि शिक्का मारलेली पीडीएफ दिली. कंपनीकडून कागद परत आला: लेखी परीक्षेत 41 पैकी 50 गुण कसे?

मूळ गुणपत्रिकेत डावीकडून क्रमांक आणि विषय आहेत. पुढे 'लेखी' हे मथळ्याचं एक रुंद घर, त्याखाली कमाल, किमान, प्राप्त हे तीन रकाने; मग 'प्रात्यक्षिक', त्याखालीही तेच तीन. एका विषयाची ओळ अशी: 100, 40, 68 आणि 50, 20, 41. अरबीत क्रमांक सगळ्यात उजवीकडे जातो आणि तिथून डावीकडे तोच क्रम चालतो. म्हणजे आकडे डावीकडून पाहिले तर 41, 20, 50, 68, 40, 100 दिसायला हवेत. (68 चा 86 होत नाही, अरबीतही संख्येतले अंक डावीकडूनच लिहितात.)

एजंटच्या माणसाने मथळे हाताने उलटे केले, क्रमांक-विषय उजवीकडे नेले आणि आकडे मात्र फोटोतल्या क्रमानेच ठेवले. त्यामुळे 'लेखी'खाली प्रात्यक्षिकाचे आकडे आले आणि तेही कमाल-प्राप्त अदलाबदल होऊन.

तक्रार केल्यावर त्याने 'दुरुस्ती'चे पुन्हा पैसे घेतले. केलं काय, तर वर्डमध्ये तक्त्याची दिशा बदलली. त्याने प्रत्येक ओळ सारखीच उलटते, मथळाही आणि आकडेही. मग मथळा आणि आकडा यांची चुकलेली जोडी सुटणार कशी? 41 पैकी 50 तसेच राहिले, वर सगळा तक्ता पुन्हा इंग्रजीसारखा डावीकडून सुरू झाला. याला मी फसवणूकच म्हणतो, कारण वर्ड फाइल मागितली तेव्हा तो ती द्यायला तयारच नव्हता.

काम नंतर दुसऱ्या अनुवादकाने नीट केलं. त्यांनी आधी मूळ क्रमातच तक्ता आखला, 'लेखी'ची तीन घरं खरोखर एकत्र केली, अरबी मजकूर भरला आणि सर्वांत शेवटी Table Properties मध्ये Right-to-left निवडलं. जोडलेली घरं आपापल्या रकान्यांसकट सरकली.

पैसे देण्याआधी वर्ड फाइल मागा. सगळ्यात उजवीकडच्या घरात कर्सर ठेवून टॅब दाबा. तो त्याच ओळीत लगतच्या डावीकडच्या घरात गेला पाहिजे. रुंद मथळ्यावर क्लिक करून ते एकच घर आहे की मधल्या रेषा लपवलेली तीन, तेही बघा. पण टॅबची चाचणी फक्त दिशा सांगते, आकडे योग्य मथळ्याखाली आहेत का ते नाही. त्यासाठी लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींचे वेगवेगळे गुण असलेली एक ओळ निवडा आणि मूळ प्रत शेजारी ठेवून, अरबीतली उजवीकडून वाचत, आकडान् आकडा जुळवा.