स्पेसिंग, मोठा फॉन्ट की छोटे तुकडे? डिस्लेक्सियावाल्या मुलासाठी उतारा कसा बदलायचा

बडोद्यात आपली बरीच मुलं इंग्लिश मिडीयमला, त्यात शाळेत गुजराती आणि घरी मराठी, म्हणजे एकाच मुलासमोर तीन लिप्या, आणि एकीला लागू पडलेला उपाय दुसरीला चालेलच असं नाही.

मोठा फॉन्ट सगळ्यात सोपा म्हणून सगळे तिथूनच सुरू करतात. 12 चा 14 किंवा 16 केला की बरं पडतं, पण पुढे वाढवत गेलात तर एका ओळीत चारच शब्द मावतात आणि मूल सारखी ओळ बदलत बसतं. पुस्तक नाकाशी धरत असेल तर आधी डोळे तपासून घ्या, प्लीज.

स्पेसिंगचा फायदा मला जास्त वाटतो, कारण बऱ्याच मुलांना अक्षर लहान असण्यापेक्षा शेजारच्या अक्षरांची गर्दी नडते. 2012 साली इटालियन आणि फ्रेंच मुलांवर अभ्यास झाला, 14 पॉइंटच्या मजकुरात अक्षरांमध्ये 2.5 पॉइंट जास्त जागा सोडली तर डिस्लेक्सियावाली मुलं जास्त वेगाने आणि कमी चुका करत वाचू लागली. वर्डमध्ये `Ctrl+D`, मग `Advanced`, तिथे `Spacing` ला `Expanded`. पण हे इंग्लिशसाठी हं! मराठीत असं केलं की शिरोरेघ तुटते, अक्षरं सुटी पडतात आणि शब्द कुठे संपला तेच कळत नाही. गुजरातीत शिरोरेघच नाही त्यामुळे थोडं चालून जातं. मराठीत दोन शब्दांमध्ये डबल स्पेस द्या आणि ओळींमधलं अंतर 1.5 करा, म्हणजे वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर आदळत नाही.

तुकड्यांचं काम वेगळं, ते अर्थ धरून ठेवायला. हे वाक्य बघा: "सकाळी आजोबांबरोबर सयाजीबागेत फिरायला गेलेल्या निशाला वडाच्या झाडाखाली एक जखमी पोपट दिसला." मूल पोपटापर्यंत पोचतं तोवर निशा विसरलेली असते. ते असं करा:

निशा सकाळी सयाजीबागेत गेली.
बरोबर आजोबा होते.
वडाच्या झाडाखाली
तिला एक जखमी पोपट दिसला.

मोजून चार-चार शब्दांवर तोडू नका, "वडाच्या" एका ओळीत आणि "झाडाखाली" पुढच्या ओळीत गेलं की अजून गोंधळ. आणि "जखमी" काढून सोपा शब्द घालायची काही गरज नाही, मुलाला तो शब्द ऐकून माहीत असतो.

आता निवडायचं कसं? ओळ सुटत असेल तर ओळींमधलं अंतर, इंग्लिशमध्ये अक्षरं एकमेकांत मिसळत असतील तर अक्षरांचं स्पेसिंग, आणि शब्द बरोबर वाचूनही काय वाचलं ते सांगता येत नसेल तर तुकडे. एका वेळी एकच बदल करा. सारख्याच अवघड पण वेगवेगळ्या उताऱ्यांवर एक-एक मिनिट वाचून घ्या, बरोबर शब्द मोजा आणि गोष्ट विचारा. तोच उतारा परत दिलात तर पाठ झाल्यामुळे सुधारणा दिसते. आणि "रस्त्यावर"च्या जोडाक्षरालाच मूल अडत असेल तर यातलं काहीच पुरणार नाही, तिथे स्पेशल एज्युकेटरकडे आवाज आणि अक्षर जोडायचा सराव लागतो.