खाच पुसली, रिम संपली: व्ही-ब्रेकच्या हायब्रिडचा दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

गिअर, फ्रेम, वजन यांबद्दल सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे, म्हणून मी फक्त पुढच्या रिमबद्दल लिहितोय. सायकल डबल वॉल अलॉय रिमची आहे. पुण्यात रोज ऑफिसला आणि सुटीच्या दिवशी बहुतेक वेळा सिंहगडावर. दुसरा पावसाळा सरता सरता गड उतरताना पुढचा ब्रेक चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकाच जागी धरायला लागला.

दुकानदार म्हणाला, "चाक आउट आहे, आउट काढून देतो." पैसे दिले, ब्रेकचा ठोका तसाच राहिला. परत गेलो तर तारा आवळायचे पुन्हा पैसे मागितले. मला याचाच संताप आला, कारण हा दोष तारांचा नव्हताच, आणि ते कुणालाही उभ्या उभ्या कळू शकतं. चाक आउट असेल तर फिरवताना रिम ब्रेकच्या एका रबराकडे सरकते तेव्हा दुसऱ्या रबरापासून लांब जाते. माझी रिम त्या जागी दोन्ही रबरांच्या जवळ येत होती, म्हणजे तिथे ती रुंद झाली होती. हवा सोडून चाक फिरवलं तर फुगवटा जवळजवळ नाहीसा झाला. रिमच्या झिजलेल्या भिंती, म्हणजे ब्रेकचं रबर घासतं त्या दोन बाजू, हवेच्या दाबाने बाहेर ढकलल्या जात होत्या, आणि तारा कितीही आवळल्या तरी ते थांबत नाही.

मग खाच शोधली. अशा बऱ्याच रिमना ब्रेक लागतो त्या पट्टीवर गोल फिरणारी एक बारीक खाच असते. भिंत झिजत खाचेच्या तळापर्यंत आली की खाच दिसेनाशी होते, आणि मग रिम बदलायची. माझ्या रिमवर एका बाजूला ती पूर्ण गेली होती, दुसऱ्या बाजूला तुकड्यातुकड्याने उरली होती. बघण्याआधी पट्टी स्पिरिटने पुसा, कारण काळा चिखल खाचेत बसला की असलेली खाचही दिसत नाही. काही रिमना खाचेऐवजी बारीक खळगे असतात, तेही असेच पुसले जातात. काही रिमना मात्र आतून भोक पाडलेलं असतं, ते झिजल्यावर बाहेर दिसू लागतं. तिथे खूण दिसणं हाच धोका. आपल्या रिमला यातलं काय आहे, ते नवी असतानाच बघून ठेवावं.

खाचेवर मी आता आंधळा विश्वास ठेवत नाही. रबर थोडं खाली-वर बसलं असेल तर खाच शाबूत राहून शेजारची जागा खोल जाते. म्हणून स्टीलची पट्टी आडवी धरून खालून उजेड किती दिसतो ते बघतो. जाडी मोजायला टायर काढावा लागतो. रिमची कड आत वळलेली असल्याने कॅलिपर थेट भिंतीवर बसत नाही. मी 2 मिमी जाडीच्या जुन्या तारेचे दोन तुकडे भिंतीच्या आत-बाहेर धरले आणि आलेल्या मापातून 4 वजा केले. फुगवट्याजवळ 4.7 आलं, म्हणजे भिंत 0.7 मिमी उरली होती. नवी भिंत साधारण दीड मिमीची असते. जाडी निम्मी झाली की त्याच दाबाने वाकताना येणारा ताण चौपट होतो. 1 मिमीच्या खाली मी चाक वापरत नाही. भिंत फाटली की टायर उडतो, ट्यूब फुटते, आणि पुढचं चाक असेल तर ते उतारावर जाम होऊ शकतं. हवा कमी ठेवून दिवस काढू नका.

सुरुवातीला मी कंपनीवर चिडलो होतो, की रिम मऊ दिली. रबरं काढून बघितल्यावर मत बदललं. त्यांत रिमचेच चकचकीत कण रुतले होते, आणि पावसातली रेती. प्रत्येक ब्रेकला तेच रिम कानशीसारखं घासत होते. जुन्या स्टीलच्या रिम अशा झिजत नाहीत, पण पावसात त्यांचा ब्रेक फार कमी लागतो, त्यामुळे मला अलॉयच हवी.

मागच्या चाकाची भिंत सगळीकडे 1.2 भरली, ती राहू दिली. पुढे दुसऱ्या मेकॅनिकने फक्त रिम बदलली. तारा बसतात तो व्यास सारखा असलेली रिम मिळाल्याने हब आणि तारा जुन्याच चालल्या, आख्ख्या चाकाचा खर्च वाचला. रबरं थोडी मऊ, चांगल्या प्रतीची घेतली. पावसाळ्यात आठवड्याला सुईने कण काढतो, पट्टी पुसतो आणि नख फिरवून खाच तपासतो, दोन्ही बाजूंना.

सायकल मी ठेवतोय. पहिल्या दुकानात पुन्हा जाणार नाही.