खोक्यावर २०१९ चा कायदा, आत १९८६ चा: कायद्याच्या पुस्तकांच्या संचात झालेली फसवणूक

कायद्याच्या सोप्या मराठी पुस्तकांचा तीन भागांचा संच घेऊन काही लोक नाशिकमध्ये सोसायट्या-सोसायट्यांतून फिरतात. सिडकोत आमच्याकडे ते २४ डिसेंबरच्या आसपास, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक दिनाचं निमित्त साधून आले होते. हा संच घेऊन आम्ही फसलो. पैसे गेले ते गेलेच, पण त्या पुस्तकावर विश्वास ठेवल्यामुळे शेजारच्या वहिनींचा हक्काचा दावा बुडायची वेळ आली होती. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आलेल्या दोघांच्या गळ्यात ओळखपत्रं होती. त्यावर 'ग्राहक जागृती अभियान' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. खोक्यावर 'जागो ग्राहक जागो' छापलेलं, त्यामुळे सरकारचंच काम आहे असं कोणालाही वाटावं. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून त्यांनी अर्धा तास व्याख्यान दिलं, आणि ते खरंच बरं होतं. बिल का घ्यावं, एमआरपीपेक्षा जास्त पैसे का देऊ नयेत, सगळं नीट सांगितलं. मग खोकी उघडली. छापील किंमत २४०० रुपये, 'अभियानात' १५००. कव्हरवर ठळक अक्षरांत: 'ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार संपूर्ण सुधारित आवृत्ती'. ग्राहक कायदा, घरभाडं आणि सोसायटी, पोलीस आणि फौजदारी कायदा असे तीन भाग. आमच्या इमारतीतल्या बऱ्याच घरांनी संच घेतला, मीही घेतला.

वहिनींनी तो सगळ्यांत मन लावून वाचला, कारण त्यांना गरज होती. त्यांनी राजकोटच्या एका कंपनीची घरघंटी ऑनलाइन मागवली होती, २१,५०० रुपयांना. काही महिन्यांतच मोटर जळली. वॉरंटी चालू असताना कंपनीने आधी 'माणूस पाठवतो' म्हणून टोलवलं, मग 'व्होल्टेजचा प्रॉब्लेम तुमचा' म्हणून लेखी नकार दिला. तक्रार कुठे करायची हे त्यांनी पुस्तकात पाहिलं. तिथे लिहिलं होतं की, तक्रार 'जिल्हा मंचाकडे' करावी, आणि ती विरुद्ध पक्षाचं कार्यालय किंवा शाखा जिथे आहे किंवा तक्रारीचं कारण जिथे घडलं तिथल्या मंचाकडेच चालते. कंपनीचं कार्यालय राजकोटला, नाशिकमध्ये शाखा नाही. वहिनींनी याचा अर्थ कोणीही लावेल तोच लावला. एका घरघंटीसाठी राजकोटला तारखांना कोण जाणार? त्यांनी विषय सोडून दिला.

पुस्तकातलं ते कलम १९८६ च्या कायद्यातलं आहे. २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याने यात नेमका हाच बदल केला. कलम ३४ प्रमाणे तक्रारदार स्वतः जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते. म्हणजे वहिनींची तक्रार नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात सरळ चालणारी होती. दिलेली किंमत ५ लाखांच्या आत असल्यामुळे फी शून्य, आणि वकील लावायचीही सक्ती नाही. जुन्या कायद्यातही 'यंत्र नाशिकमध्ये पोचलं आणि इथेच बिघडलं, म्हणून कारण इथेच घडलं' असा युक्तिवाद करता आला असता, पण तो वकिलाला सुचतो, घरी बसून पुस्तक वाचणाऱ्याला सुचत नाही. नव्या कायद्यात त्या युक्तिवादाची गरजच उरलेली नाही, आणि ज्यासाठी पुस्तक विकत घेतलं तीच ही माहिती पुस्तकात नव्हती.

हे उघडकीला आलं ते वर्षभराने, आणि तेही माझ्या एका भाचीमुळे. ती कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने पहिला भाग चाळला आणि पाच मिनिटांत म्हणाली, "मावशी, यात सगळीकडे 'मंच' लिहिलंय. मंच आता राहिलेच नाहीत, 'आयोग' झालेत. आणि तक्रारीचं कलम १२ दिलंय, ते आता ३५ आहे." मग आम्ही दोघींनी नव्या कायद्याची प्रत शेजारी ठेवून पानं जुळवली. कव्हर, प्रस्तावना आणि अनुक्रमणिकेत २०१९. पुढे एकाही प्रकरणात नाही.

संच मी ओळखीच्या एका काकांना दाखवला. त्यांनी आयुष्यभर छापखान्यात बाइंडिंग केलं आहे. त्यांनी पुस्तक उभं धरून कडेने पाहिलं आणि बोट ठेवलं. पहिला फर्मा, म्हणजे पहिली १६ पानं, पांढऱ्याशुभ्र नव्या कागदाची होती. पान १७ पासून कागद पिवळसर, अक्षराचा टाइपही वेगळा आणि शाई फिकी. मधे एक बारीक रेघ स्पष्ट दिसते. जुन्या न विकल्या गेलेल्या प्रतींची सुरुवातीची पानं काढून नवा फर्मा आणि नवं कव्हर चिकटवलं होतं. मूळ प्रकाशनाचं वर्ष ज्या पानावर असतं ते पानच त्यात गेलं. कव्हरवर आयएसबीएन आहे, आतल्या पानावर मात्र कुठेच नाही.

पैशांच्या मर्यादेचा घोळ याहून घातक ठरू शकतो. आमच्याच इमारतीतल्या एकांनी बिल्डरला फ्लॅटपोटी ३४ लाख रुपये दिले आहेत आणि ताबा रखडला आहे. पुस्तकाप्रमाणे जिल्ह्याची मर्यादा २० लाख, म्हणून त्यांना राज्य आयोगात जावं लागेल असं वाटत होतं. आज जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख आहे. शिवाय ती मोजायची रीतही बदलली आहे. पूर्वी वस्तूची किंमत आणि मागितलेली भरपाई एकत्र धरत, आता प्रत्यक्ष दिलेला मोबदलाच धरतात. त्यांची तक्रार नाशिकमध्येच, १००० रुपये फी भरून दाखल होऊ शकते.

इथे एक गोष्ट प्रामाणिक पुस्तकांबद्दलही सांगायला हवी. २०१९ च्या कायद्यात जिल्हा आयोगाची मर्यादा १ कोटी अशी लिहिलेली आहे. पण त्याच कायद्याने केंद्र सरकारला ती बदलायचा अधिकार दिला, आणि डिसेंबर २०२१ च्या नियमांनी ती ५० लाखांवर आणली. राज्य आयोग ५० लाखांपासून २ कोटींपर्यंत, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. त्यामुळे २०२० किंवा २०२१ मध्ये छापलेलं, अगदी खऱ्या अर्थाने नवं पुस्तकही आज या एका आकड्यापुरतं चुकीचं आहे. ६० लाख मोजलेल्या माणसाला ते जिल्ह्यात पाठवेल आणि तिथून तक्रार परत येईल. पुस्तक घेताना 'कायदा कोणता' एवढंच नाही, तर 'कोणत्या तारखेपर्यंतचे नियम धरले आहेत' हेही प्रस्तावनेत शोधा. चांगला लेखक ते लिहितो.

तिसऱ्या भागाची गत तीच. फसवणुकीला भारतीय दंड संहितेचं कलम ४२०, एफआयआरला फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १५४. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आल्या आहेत. फसवणूक आता कलम ३१८ मध्ये आहे आणि एफआयआर कलम १७३ मध्ये. जुन्या घटनांना जुनी कलमं लागतात हे खरं, पण पुस्तकात नव्या संहितांचा उल्लेखसुद्धा नाही.

आता पैसे परत मिळवण्याबद्दल. विकणाऱ्यांचा बेत तेव्हा लक्षात आला जेव्हा आम्ही पावती पुन्हा नीट वाचली. ते बिल नव्हतंच, 'देणगी पावती' होती. खाली बारीक अक्षरांत 'पुस्तकं भेट स्वरूपात'. ही शब्दयोजना हेतुपूर्वक केलेली आहे. ग्राहक म्हणजे मोबदला देऊन वस्तू घेणारा. देणगी दाखवली की 'आम्ही काही विकलंच नाही' असं म्हणायला ते मोकळे. आमच्याकडे याला उत्तर होतं, कारण त्यांनीच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'संच फक्त १५०० रुपये, मर्यादित प्रती' असा मेसेज टाकला होता, आणि पैसे यूपीआयने गेले होते. मेसेज आणि यूपीआयची नोंद जोडली की विक्री झाल्याचं दिसतं. जुना माल नवा म्हणून विकणं आणि बिल न देणं, या दोन्ही गोष्टी २०१९ च्या कायद्याच्या कलम २(४७) मध्ये 'अनुचित व्यापारी प्रथा' म्हणून स्पष्ट लिहिल्या आहेत.

अडचण आहे ती पत्त्याची. पावतीवरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवलेली नोटीस 'असे कोणी नाही' म्हणून परत आली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली, पण हेल्पलाइन समोरच्याला कळवते आणि तडजोडीचा प्रयत्न करते, आदेश देऊ शकत नाही. समोर कोणी नसेल तर तिथे गाडी अडते. यूपीआयवर एका व्यक्तीचं नाव आणि बँक दिसते. ती माहिती जोडून आम्ही काही जणांनी मिळून पोलिसांकडे लेखी अर्ज दिला आहे.

वहिनींच्या तक्रारीला मात्र घाई करावी लागली. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते, ही मुदत जुन्या-नव्या दोन्ही कायद्यांत सारखीच आहे. कंपनीशी ईमेल चालू ठेवल्याने ती वाढत नाही. मोटर जळून आणि नकार येऊन बराच काळ लोटला होता, मुदत संपायला थोडेच महिने उरले होते. मुदत उलटली असती तर विलंब माफीचा अर्ज करून 'पुस्तकात चुकीचं होतं' हे पटवून द्यावं लागलं असतं, आणि ते मान्य होईलच याची खात्री नसते. तक्रार, प्रतिज्ञापत्र, बिल, वॉरंटी कार्ड आणि नकाराचा ईमेल लावून त्यांनी नाशिकच्या आयोगात तक्रार दाखल केली. कंपनीला नोटीस निघाली आहे. कंपनीला उत्तर द्यायला ३० दिवस, आणि आयोगाने वाढवून दिले तर आणखी १५, त्यापुढे नाही.

तुमच्याकडे असा संच असेल किंवा कोणी विकायला आलं, तर मागचं कव्हर आणि प्रस्तावना सोडून थेट 'तक्रार कुठे करावी' हे प्रकरण उघडा. 'मंच', '२० लाख' किंवा 'कलम १२' दिसलं तर पुस्तक जुनं आहे. कायद्याचा मूळ मजकूर indiacode.nic.in वर फुकट वाचता येतो, शंका आली तर तिथे कलमाचा आकडा ताडून बघा. पावतीवर 'देणगी' असेल तर पैसे देण्याआधी बिल मागा. सिडको, इंदिरानगर, पंचवटी भागात कोणाला हाच तीन भागांचा संच मिळाला असेल, तर पावती आणि पेमेंटची नोंद टाकून देऊ नका. आमच्या अर्जाला तुमचा अर्ज जोडला गेला तर त्या लोकांचा माग काढणं पोलिसांना सोपं जाईल.