मोबाईलची मॅक्रो लेन्स: वाळवी की मुंगी ते फोटोत कळतं

मे महिन्याच्या शेवटी घेतलेली ही क्लिपवाली लेन्स, आता चतुर्थी पण झाली, म्हणून लिहितोय. फोंड्याला आमचं जुनं चिऱ्याचं घर, वर लाकडी वासे, त्यामुळे पहिल्या पावसानंतर ट्यूबलाइटभोवती पंखवाले किडे जमले की सगळ्यांचा जीव वर-खाली होतो. बाबा म्हणतात वाळवी, शेजारच्या काकी म्हणतात छे, मुंग्याच त्या!

लेन्स किड्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरली तरच फोकस होते आणि जिवंत किडा तेवढा वेळ थांबत नाही. म्हणून डबीत घालून पाच-दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायचा (फ्रीजरमध्ये नको), मग पांढऱ्या कागदावर घेऊन बाजूने टॉर्च मारायचा, फ्लॅश बंद, नाहीतर पंख नुसते चमकतात. मिशी आणि पंख एकाच फोटोत शार्प येत नाहीत, वेगवेगळे काढा.

बघायचं काय, तर मुंगीची मिशी कोपरात वाकल्यासारखी आणि कंबर एकदम बारीक, वाळवीची मिशी सरळ, बारीक मणी ओवल्यासारखी, आणि कंबर नाहीच. पण मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो पंखांचा. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान. वाळवीचे चारही जवळपास सारखेच लांब.

जूनमध्ये एका सकाळी मागच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर नुसते गळलेले पंख, किडा एकही नाही. पंख मुंग्याही गाळतात, म्हणून ग्राफ पेपरवर ठेवून फोटो काढला, तर सगळे एकाच मापाचे. म्हणजे वाळवी. आणि रात्रभर खिडकी बंद, दिवा बंद, म्हणजे उजेडाला बाहेरून आलेली नाही, घरातूनच निघालेली! अंगणातल्या दिव्याखाली ढीग पडला तर एवढं घाबरायचं कारण नाही, पण हे वेगळं. शोधल्यावर दाराच्या चौकटीमागे पेन्सिलीएवढी मातीची नळी सापडली, म्हणजे जमिनीतून चढणारी वाळवी. मातीच्या नळीऐवजी लाकडाखाली रव्यासारखे कोरडे दाणे पडले असते आणि लेन्सखाली ते सहा कडांचे दिसले असते तर ती सुक्या लाकडातली वाळवी, तिला जमिनीत औषध ओतून काही होत नाही, लाकडावरच इलाज करावा लागतो. पेस्ट कंट्रोलवाल्याला हेच फोटो दाखवले, त्याने भिंतीच्या कडेने भोकं पाडून औषध सोडलं.

झुरळांनाही चालते. डोक्यामागच्या तपकिरी ढालीवर दोन काळ्या उभ्या रेघा दिसल्या तर ते जर्मन झुरळ, किचनमध्ये भराभर वाढणारं. रेघा नसलेलं, बिनपंखाचं लालसर असेल तर बहुतेक मोठ्या झुरळाचं पिल्लू.

वाळवीची नेमकी जात मात्र अशा फोटोवरून सांगता येत नाही. क्लिप कव्हरवरून सरकते, कव्हर काढूनच लावा. दोन-तीन कॅमेऱ्यांचा फोन मधेच दुसऱ्या कॅमेऱ्यावर जातो, मॅक्रो ऑटो बंद करा. आणि आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात काचेला बुरशी धरते, सिलिका जेलची पुडी टाकून घट्ट डब्यात ठेवा.